डॉलर-येनच्या चार्टवरची 152 ची रेघ

माझी भाची तेव्हा पुण्यात जपानी शिकत होती. पुढे ओसाकाला नोकरीसाठी जायचं तिच्या मनात होतं, त्यामुळे येनचा भाव हा तिच्या लेखी सरळ पगाराचा प्रश्न होता. एप्रिल 2024 च्या पहिल्या आठवड्यात ती फोनवर `USDJPY` चा चार्ट उघडून माझ्याकडे आली. “मामा, हे वर वर चाललंय. म्हणजे येन वधारतोय ना?”

नाही. नेमकं उलटं. चलनाच्या जोडीत जे नाव आधी लिहिलेलं असतं त्याचा भाव दुसऱ्या चलनात दिलेला असतो. इथे डॉलर आधी आहे, म्हणजे चार्टवरचा 151.50 हा आकडा ‘एका डॉलरला एकशे साडेएक्कावन्न येन’ असं सांगतो. चार्ट वर गेला तर डॉलर महागला, येन स्वस्त झाला. तिचा येनमधला पगार रुपयात मोजायचा असेल, तर हा चार्ट चढणं सहसा तिच्या तोट्याचं. ही दिशा एकदा डोक्यात पक्की बसल्याशिवाय मेणबत्त्यांकडे, म्हणजे भाव दाखवणाऱ्या उभ्या ठोकळ्यांकडे, बघूच नये, असं माझं मत आहे. पुढचं सगळं बरोबर वाचूनही माणूस उलटा निष्कर्ष काढतो.

त्या दिवशी तिच्या चार्टवर, 152 च्या जरा खाली, भाव दहा-बारा दिवस अडकून पडला होता. तिला ते कंटाळवाणं वाटलं. मला वाटलं, सपोर्ट आणि रेझिस्टन्स, म्हणजे भाव खाली येताना थांबतो आणि वर जाताना अडतो त्या जागा, शिकायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. आम्ही एक चौकटीची वही घेतली आणि दैनिक चार्ट, म्हणजे एका दिवसाची एक मेणबत्ती, अशा हिशेबाने मागे गेलो. मागे म्हणजे थेट ऑक्टोबर 2022 पर्यंत.

एक मेणबत्ती हाताने काढून

शुक्रवार, 21 ऑक्टोबर 2022. दिवस सुरू झाला तेव्हा भाव साधारण 150.1 होता. तो चढत 151.94 ला पोचला. 1990 नंतर डॉलर इतका महाग कधी झाला नव्हता. मग त्याच दिवशी तो धाडकन कोसळून 146.2 च्या आसपास आला, थोडा सावरला आणि दिवस संपताना 147.6 च्या जवळ थांबला.

एका मेणबत्तीला हे चारच आकडे लागतात: उघडलेला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव. वहीत आम्ही एक चौकट म्हणजे अर्धा येन धरला. उघडलेल्या आणि बंद भावाच्या मधला जाड भाग म्हणजे बॉडी, इथे 150.1 पासून 147.6 पर्यंत, पाच चौकटी. बंद भाव उघडलेल्या भावाच्या खाली, म्हणून ती लाल. बॉडीच्या वर 151.94 पर्यंत एक बारीक रेघ आणि खाली 146.2 पर्यंत दुसरी. त्या वाती.

“वात म्हणजे काय समजायचं?” तिने विचारलं. भाव जिथे जाऊन आला, पण राहू शकला नाही, ती जागा. बॉडीचं टोक म्हणजे दिवसाअखेर भाव जिथे राहिला ती जागा. त्या शुक्रवारी भाव 151.94 पर्यंत गेला खरा, पण वरचा जवळजवळ दोन येनांचा पट्टा रिकामा करून परत आला.

त्याला परत आणणारं कोण होतं, हेही माहीत आहे. जपानच्या अर्थमंत्रालयाने त्या दिवशी बाजारात उतरून डॉलर विकले आणि येन घेतले. नंतर त्यांनीच जाहीर केलेल्या आकड्यानुसार त्या एका दिवसात सुमारे 5.6 लाख कोटी येन यासाठी लागले. महिनाभर आधी, 22 सप्टेंबरला, 146 च्या जरा खाली त्यांनी असाच पहिला फटका दिला होता. येन सावरायला त्यांनी 1998 नंतर पहिल्यांदाच हात घातला होता. मेणबत्ती बघून हे कळत नाही. मेणबत्ती फक्त ‘वर विकणारा जबरदस्त होता’ एवढं सांगते. तो कोण आणि का, हे बातमीत शोधावं लागतं.

आम्ही 152 ला शिसपेन्सिलीने एक आडवी, फिकट रेघ मारली. एका टोकावरून मारलेली रेघ ही फक्त शंका असते.

तीन टोकं

त्यानंतर भाव खूप खाली गेला, जानेवारी 2023 मध्ये 127 च्या आसपास. मग वर्षभर हळूहळू चढत 13 नोव्हेंबर 2023 ला पुन्हा 151.9 ला टेकला आणि वळला. डिसेंबरअखेर 140 च्या जरा वर. पुन्हा चढला. 27 मार्च 2024 ला टोक आलं 151.97. जपानी मंत्र्यांनी त्याच दिवशी ‘निर्णायक पाऊल उचलू’ अशी भाषा वापरली आणि भाव जरा मागे हटला.

सतरा महिन्यांत तीन टोकं, आणि तिन्ही एकमेकांपासून सहा-सात पिपच्या आत. येनच्या जोडीत पिप म्हणजे दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा, 0.01 येन. भाव वर जाताना जिथे वारंवार अडतो त्या जागेला रेझिस्टन्स म्हणतात, मराठीत अडथळा पातळी म्हणा. आता आमची फिकट रेघ जरा गडद करायला हरकत नव्हती.

पण इतकी नेमकी टोकं पाहून नवख्याची फसगत होते. त्याला वाटतं, सगळे अडथळे असेच काटेकोर असतात. इथे ते नेमके आले, कारण सगळ्या जगाला ऑक्टोबर 2022 चं ते टोक पाठ झालं होतं. 152 जवळ आला की डॉलर विकत घेणाऱ्याला टोकियोची, म्हणजे जपान सरकारच्या फटक्याची, भीती वाटायची आणि तो हात आखडता घ्यायचा. ज्यांच्याजवळ डॉलर होते ते तिथेच विकून मोकळे व्हायचे. म्हणजे रेघेत जादू नव्हती. तिथे काय झालं होतं याची आठवण माणसांच्या डोक्यात होती.

एरवी टोकं अशी एका ओळीत येत नाहीत. शिवाय चलनाच्या रोख बाजाराला शेअर बाजारासारखं एक केंद्र नाही. एकाच दिवसाचं टोक एका चार्टवर 151.91 तर दुसऱ्यावर 151.94 दिसू शकतं, कारण प्रत्येकाला भाव पुरवणारा वेगळा. म्हणून मी भाचीला रेघ पुसून पट्टा काढायला लावला: 151.80 ते 152.00. पट्ट्यात शिरल्यावर ‘तुटलं की नाही’ हा वाद घालायचा नाही.

दुसरी एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. चलनाचा दिवस बहुतेक ठिकाणी न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला संपतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री अडीचला आणि हिवाळ्यात साडेतीनला. काही ॲपवर दिवस वेगळ्या वेळी कापतात. मग त्याच दिवसाची मेणबत्ती वेगळी दिसते, कधी कधी तर रंगही वेगळा. दोन चार्टांची तुलना करताना ही वेळ आधी बघावी.

वहीतला सौदा

9 एप्रिलला भाचीने वहीत लिहिलं: ‘151.80 ला डॉलर विकला. 152.20 झाला तर चूक मानून बाहेर. 150 ला नफा.’ एक हजार डॉलरचा, आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायचा, फक्त कागदावर. कारण स्पष्ट होतं: तीनदा अडलं, चौथ्यांदाही अडेल.

खऱ्या पैशाने करू का, हेही तिने विचारलं होतं. भारतात राहणाऱ्याला हा व्यवहार मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचावरच करता येतो. ‘शंभरपट मार्जिन’ देणाऱ्या परदेशी ॲपांपैकी अनेकांची नावं रिझर्व्ह बँकेच्या इशारा यादीत आहेत, ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येते. तिला ती यादी दाखवली आणि विषय वहीपुरता ठेवला.

तिच्या तर्कात एक भोक होतं, आणि ते मीही त्या संध्याकाळपर्यंत तिला नीट दाखवलं नव्हतं. टोकं सगळे मोजतात, दोन टोकांमधला उतार फार कमी जण मोजतात. पहिल्यांदा 152 ला अडल्यावर भाव पंचवीस येन खाली गेला होता. दुसऱ्यांदा बारा येनही नाही. तिसऱ्यांदा, 27 मार्चनंतर, तो 150 च्या खालीसुद्धा गेला नाही. लहान लहान मेणबत्त्या काढत तो पट्ट्याच्या पोटाशी चिकटून बसला होता, जी गोष्ट तिला कंटाळवाणी वाटली होती. विकणारा दर वेळी भाव कमी ढकलू शकत होता आणि घेणारा दर वेळी जास्त महागात घ्यायला तयार होता. त्यामागचं कारणही साधं होतं. अमेरिकेत व्याजदर सव्वापाच ते साडेपाच टक्के, जपानमध्ये 19 मार्चला उणे दर संपवल्यावरही जेमतेम शून्य ते 0.1. येन उधार घेऊन डॉलर बाळगणाऱ्याला नुसतं बसून राहण्याचेही पैसे मिळत होते.

‘तीनदा अडलं म्हणून अडथळा मजबूत’ हे अर्धंच खरं. टोकांमधले उतार आखडत चालले असतील, तर तोच अडथळा झिजत चाललेला असतो.

10 एप्रिलला, आपल्या संध्याकाळी सहाला, अमेरिकेच्या मार्च महिन्याच्या महागाईचा आकडा आला. अपेक्षा 3.4 टक्के होती, आला 3.5. एवढाच फरक, पण अमेरिकी व्याजदर लवकर उतरण्याची आशा मावळली. भाव पट्टा चिरून वर गेला, 153.24 पर्यंत, आणि दिवस बंद झाला 153.1 च्या आसपास.

ही मेणबत्ती आम्ही 21 ऑक्टोबरच्या शेजारी काढली. उघडलेला भाव 151.75 च्या जवळ, बॉडी हिरवी आणि उंच, वरची वात नावापुरती, खालची जवळजवळ नाहीच. दोन्ही दिवशी भाव त्याच जागी पोचला होता. एका दिवशी तिथे वात उमटली, दुसऱ्या दिवशी तिथून बॉडी आरपार गेली. मधल्या सगळ्या काळात एकही दिवस 152 च्या वर बंद झाला नव्हता, हा तो पहिला. ब्रेकआउट, म्हणजे पातळी खरोखर तुटली, हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: पट्ट्याच्या बाहेर बंद भाव. बाहेर गेलेली वात मी मोजत नाही.

वहीतला सौदा 152.20 ला मिटला. तोटा 0.40 येन गुणिले हजार, चारशे येन, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 220 रुपये. मात्र हे कागदावर. असा आकडा येतो त्या मिनिटात भाव मधल्या पायऱ्या गाळून उडतो, आणि तोटा थांबवायला 152.20 ला लावलेला स्टॉपलॉस त्याहून वाईट भावाला लागू शकतो. पण तो लावलाच नसता तर? 29 एप्रिलला भाव 160 च्या वर गेला. त्याच हजार डॉलरवर तोटा चार हजार रुपयांच्या पुढे गेला असता.

छत खाली आलं की जमीन

29 एप्रिलची मेणबत्ती बघण्यासारखी आहे. जपानमध्ये सुट्टी, बाजारात सौदे कमी. भाव 160 ओलांडतो आणि त्याच दिवशी 154.5 च्या जवळ कोसळतो. बंद 156.3 च्या आसपास. वर-खाली दोन्हीकडे लांब वाती. टोकियो पुन्हा उतरलं होतं, त्या दिवशी सुमारे 5.9 लाख कोटी येन, 1 मेला आणखी 3.9 च्या आसपास.

भाव घसरत राहिला आणि भाचीने मला फोन केला. “मामा, आता आपल्या पट्ट्याशी येतोय. पण वरून!”

हीच ती घटना, जी पुस्तकी चित्रात नेहमी दाखवतात आणि प्रत्यक्षात इतकी स्वच्छ क्वचित दिसते. जो अडथळा तुटला तो पुढे आधार होऊ शकतो. भाव खाली येताना जिथे थांबतो तो सपोर्ट. असं का व्हावं? 10 एप्रिलला 151.80 ला विकून अडकलेल्या माणसाची कल्पना करा. भाव 160 ला गेला तेव्हा त्याची झोप उडालेली. तो पुन्हा 152 ला आला की बरोबरीत सुटायला तो डॉलर घेतो. ज्याची गाडी तेव्हा चुकली होती तोही तिथेच घेतो. दोघंही खरेदीदार, दोघांचीही जागा एकच.

3 मे 2024, शुक्रवार. अमेरिकेचा रोजगाराचा आकडा अपेक्षेहून कमी आला, 1 लाख 75 हजार. डॉलर घसरला आणि भाव थेट 151.86 ला आला. म्हणजे 152 च्या चौदा पिप खाली! ज्याने रेघ मारली होती त्याच्या मते आधार तुटला. आमचा पट्टा 151.80 पासून होता, त्यामुळे आमच्या मते तो अजून पट्ट्यातच होता. दिवस बंद झाला 153 च्या आसपास. मेणबत्ती लाल, उघडलेला भाव 153.5 च्या जरा वर, बॉडी अर्ध्या-पाऊण येनाची आणि खाली येनाहून लांब वात. लाल रंग बघून नवखा म्हणतो ‘मंदी’. पण इथे रंगापेक्षा वात जास्त बोलते: खाली नेलं होतं, तिथे घेणारे उभे होते.

त्यानंतर भाव जुलैच्या सुरुवातीला 161.95 च्या आसपास पोचला, तिथून जपानच्या आणखी एका फटक्याने आणि अमेरिकी महागाई थंडावल्याने उतरला, आणि 25 जुलैला खाली आला, 151.94. पुन्हा पट्ट्यात. बंद भाव जवळजवळ उघडलेल्या भावाइतकाच, 153.9. बॉडी कागदाच्या कडेसारखी पातळ, खाली दोन येनांची वात. हातोड्यासारखी दिसते म्हणून हिला हॅमर म्हणतात. नाव पाठ करण्याची गरज नाही. चार आकडे वाचता आले की ती काय म्हणते ते कळतं.

भाची खूश होती. दोनदा आधार टिकला. आता तिसऱ्यांदा आला की वहीत खरेदी लिहायची, असं तिने ठरवून टाकलं. मी म्हटलं, टोकांमधलं अंतर मोज. आता आधार आहे, तर उसळ्या मोजायच्या. 3 मेच्या उसळीने दोन महिन्यांत भाव दहा येन वर नेला होता. 25 जुलैनंतरची उसळी चार-पाच दिवसांत 155 च्या जरा वर जाऊन विझली. एप्रिलमध्ये तिने केलेली चूक मे ते जुलैत आरशात उलटी दिसत होती. तिने मोजलं, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि वहीत खरेदी लिहिली नाही.

31 जुलैला बँक ऑफ जपानने दर 0.25 टक्क्यांवर नेला. भाव 153 च्या जवळ उघडला, जरा वर जाऊन आला आणि दिवसाअखेर 150 च्या आसपास बंद झाला. लाल, लांब बॉडी, पट्ट्याच्या आरपार. इथे कसोटीला वेळ लागलाच नाही.

पुस्तकी चित्रात यानंतर भाव पुन्हा वर येऊन पट्ट्याला टेकतो आणि मग खाली जातो. प्रत्यक्षात तसं झालं नाही. 1 ऑगस्टला तो 151 लाही पोचला नाही. 5 ऑगस्टला, ज्या दिवशी जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई 12 टक्क्यांहून जास्त पडला, तो 142 च्याही खाली होता. पट्ट्याशी परत येईल तेव्हा बघू, म्हणून वाट बघणारा वाटच बघत राहिला.

रेघ जुनी होते

भाव 152 ला परत आला तो थेट ऑक्टोबर 2024 मध्ये. 23 तारखेला तो 151 च्या आसपास उघडला आणि दिवसभरात 153 पर्यंत जाऊन पट्ट्याच्या वर बंद झाला. ना वात, ना अडखळणं. दोन वर्षांची सगळी आठवण असलेल्या जागेतून तो असा गेला, जणू तिथे काही नव्हतंच. तेव्हा लोकांचं लक्ष अमेरिकेच्या निवडणुकीकडे आणि चढत्या बाँड व्याजाकडे होतं. 160 चा फटका ताजा होता, त्यामुळे टोकियो 152 ला काही करेल अशी भीती कुणालाच उरली नव्हती. ज्या भीतीने ती पातळी बनली, ती भीतीच दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली होती.

भाचीने विचारलं, “मग पट्टा खोडून टाकू?”

मी म्हटलं, खोडू नकोस, फिकट कर. तिने रबराने तो अर्धा पुसला आणि पेन्सिल घेऊन 160 ते 162 मध्ये नवा पट्टा काढला. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ‘दोन टोकं. अजून शंका.’